दुखायचं थांबलं म्हणजे

"डॉक्टर, आता अजिबात दुखत नाही. तीन आठवडे झाले, मग प्लास्टर काढायला काय हरकत आहे?"

दुखत नाही, कारण तिथे कूर्चा धरली आहे, आपल्या कानाच्या पाळीच्या वरच्या भागात असते तशी. हाड अजून व्हायचंय.

हाड मोडलं की आतल्या रक्तवाहिन्या तुटतात आणि फटीत रक्त साचून गोठतं. दुरुस्तीच्या पेशी या गाठीवरच येऊन बसतात. आठवड्याभरात तिथे लुसलुशीत मांस भरतं, पुढे कूर्चा येते आणि मग तिच्या जागी कच्चं हाड.

हा क्रम उलटत नाही, कारण प्रत्येकाची ताण सोसायची ताकद वेगळी. समजा फट 1 मिलिमीटरची आहे आणि टोकं अर्धा मिलिमीटर हलतायत. म्हणजे मधला भाग 50 टक्के ताणला जातो. लुसलुशीत मांस दुप्पट ताणलं तरी टिकतं. कूर्चा साधारण 10 टक्क्यांच्या पुढे फाटते, हाड 2 टक्क्यांच्या. आधीच्या थराने जागा घट्ट केली तरच पुढचा तिथे जगतो, आणि पहिला घट्टपणा उसना देतं ते प्लास्टर. ते अगदी गच्च धरत नाही, जराशी हालचाल राहते. तेवढी चालते, उलट तिच्यामुळेच बाहेरून जुळणीची गाठ जाड होते.

माझ्याकडे अठ्ठावन्न वर्षांच्या एक मावशी होत्या. न्हाणीत घसरल्या, उजवं मनगट मोडलं. चोविसाव्या दिवशी पुतण्याच्या हळदीसाठी त्यांनी हात बादलीत भिजवला आणि प्लास्टर कात्रीने कापून काढलं. दोन दिवस भाकरी थापल्या. आल्या तेव्हा मनगट जेवायच्या काट्यासारखं मागे वाकलेलं. एक्स-रेत मोडीभोवती नुसता पुसट ढग दिसत होता. कूर्चा एक्स-रेत दिसतच नाही, त्यामुळे फोटोवरून तिचा अंदाज येत नाही. मी मोडीवर अंगठा दाबला तशा त्या कळवळल्या. दुखणं थांबलं होतं ते हात न हलवल्यामुळे.

मनगट न जुळता क्वचितच राहतं, ते वाकडं जुळतं. नडगीचं हाड मात्र हलत राहिलं तर कधीकधी जुळतच नाही. (सैल झालेलं प्लास्टरही तितकंच वाईट. सूज उतरल्यावर आत बोट सहज फिरायला लागलं तर लगेच या. बोटं आणि खांदा मात्र पहिल्या दिवसापासून हलवा.)

शस्त्रक्रियेला मावशींनी नकार दिला. पुन्हा तीन आठवडे प्लास्टर घातलं, हाड जुळलं. पुढे वर्ष-दीड वर्ष पेशी जास्तीचं हाड खातात आणि भार पडेल तिथे नवं रचतात. लहान मुलांचा बाक यात बराच निघून जातो, अठ्ठावन्नाव्या वर्षी नाही. मावशी आता भाकरी थापतात, पण उजवा तळवा पूर्ण उताणा होत नाही. सुट्टे पैसे घ्यायला त्या डावा हात पुढे करतात.