रोमच्या सात चर्चची पायवाट

रोममध्ये सात चर्चची पदयात्रा असते. सोळाव्या शतकात संत फिलिप नेरी यांनी तिला वळण लावलं आणि तेव्हापासून लोक ती चालत आले आहेत. संत पेत्रापासून निघायचं, संत पौल, संत सेबॅस्टियन, लॅटरन, पवित्र क्रूस, संत लॉरेन्स करत सांता मारिया मज्जोरेला पोचायचं. अंतर वीस किलोमीटरच्या वर. माझी भाची वसईची, सिस्टर आहे, रोममध्येच चर्चचा इतिहास शिकते. तिच्याबरोबर मी निघाले. तिला मी सिस्टरच म्हणते आणि ती मला मावशी.

संत पेत्राकडे पहाटेसुद्धा गर्दी होती, म्हणून प्रार्थना करून आम्ही लगेच नदीकाठचा रस्ता धरला. संत पौलाच्या पुढे मात्र वाट शांत झाली. तिथल्या रस्त्याचं नावच सात चर्चचा रस्ता, आणि त्याच्या आजूबाजूला जमिनीखाली कॅटाकोम, म्हणजे दफनाची भुयारं. रोमन कायद्याने शहराच्या हद्दीत दफनाला मनाई होती, त्यामुळे सगळ्याच रोमकरांच्या कबरी वेशीबाहेर असत. ख्रिस्ती लोकांच्याही तिथेच.

छळाच्या काळात सगळे या भुयारांत लपून राहायचे, असं आम्ही लहानपणी ऐकलेलं. सिस्टर म्हणाली, "लपायला नाही गं मावशी. इथे मृतांना पुरायचे, त्यांच्या आठवणीसाठी जमायचे. आणि सरकारला हे ठाऊक होतं." ठाऊक असल्यामुळेच 258 साली व्हॅलेरियन बादशहाच्या माणसांनी पोप दुसरे सिक्स्टस यांना कबरस्तानातच पकडलं आणि 6 ऑगस्टला ठार केलं. त्यांच्याबरोबर चार डीकनही, म्हणजे त्यांच्या हाताखालचे धर्मसेवकही, मारले गेले. डीकन लॉरेन्स यांचा स्मरणदिन त्यानंतर चारच दिवसांनी, 10 ऑगस्टला येतो.

संत सेबॅस्टियनच्या खाली एक गिलाव्याची भिंत आहे. तिसऱ्या शतकातल्या भाविकांनी तिच्यावर टोकदार वस्तूने पेत्र आणि पौल यांची नावं कोरली आहेत. अक्षर वाकडंतिकडं, ओळी एकमेकींवर चढलेल्या. कुणी प्रार्थना मागितली आहे, तर तोमियुस कोएलियुस नावाच्या माणसाने आपण पेत्र आणि पौल यांच्या आठवणीचं जेवण केल्याचं लिहून ठेवलं आहे. मी त्या भिंतीपुढून हलेना. नवस फेडून झाल्यावर माणूस देवळाच्या भिंतीवर नाव लिहितो, अगदी तसंच ते होतं.

वर आल्यावर सावलीत बसून आम्ही पाव खाल्ला, तेव्हा सिस्टरने आफ्रिकेतल्या किर्ता गावची हकिकत सांगितली. 303 साली डायोक्लेशियन बादशहाने फर्मान काढलं: चर्च पाडा, धर्मग्रंथ जाळा. त्यानुसार 19 मे रोजी किर्ताचे अधिकारी चर्चवर जप्तीला गेले. त्या दिवसाची सरकारी यादी पुढे एका खटल्यात वाचली गेली, म्हणून आपल्यापर्यंत आली. सोन्याचे दोन चषक, चांदीचे सहा, दिवे, समया. मग बायकांचे 82 अंगरखे, पुरुषांचे 16, पुरुषांच्या पायताणांचे 13 जोड आणि बायकांच्या पायताणांचे 47.

इतके कपडे चर्चमध्ये कशाला? ते वाटायचे होते, गोरगरिबांना, विधवांना. रोममधलं चित्रही तसंच होतं. 251 च्या सुमारास पोप कॉर्नेलियस यांनी एका पत्रात हिशेब दिला आहे: 46 धर्मगुरू, 7 डीकन, आणि ख्रिस्तसभेच्या मदतीवर जगणाऱ्या 1500 हून अधिक विधवा व गरजू.

साम्राज्य ख्रिस्ती कसं झालं, हे कोडं माझ्या मते इथे सुटतं. कॉन्स्टंटाइनला स्वप्न पडलं, 312 च्या ऑक्टोबरमध्ये मिल्वियन पुलाजवळ तो लढाई जिंकला आणि साम्राज्य ख्रिस्ती झालं, अशी गोष्ट आपण सांगतो. पण तेव्हा साम्राज्यात ख्रिस्ती लोक फार तर दहात एक असावेत, असंच बहुतेक इतिहासकार मानतात. बादशहाच्या हाती आली ती मोठी लोकसंख्या नव्हे. गावोगावी बिशप, जमीनजुमला, कबरस्तानं आणि मदतीच्या याद्या असलेली उभी संस्था त्याला मिळाली. छळ करणाऱ्यांनीही तिला तशीच ओळखलं होतं. म्हणून तर व्हॅलेरियनने धर्मगुरूंवर घाव घातला आणि डायोक्लेशियनने इमारतींवर आणि पुस्तकांवर. गॅलेरियस बादशहाने 311 मध्ये मरणाच्या दारात छळ थांबवला. 313 च्या जूनमध्ये निकोमेडिया शहरात लागलेल्या हुकमात तर स्पष्टच आहे की जप्त केलेल्या जागा एकेका माणसाच्या नव्हत्या, समुदायाच्या होत्या. त्या पैसे न घेता परत करा, आणि ज्यांनी त्या विकत घेतल्या त्यांनी भरपाई सरकारकडे मागावी.

दुपारी लॅटरनला पोचलो. पाय भरून आले होते, पण आत शिरताच मी ते विसरले. या चर्चच्या खाली बादशाही घोडदळाची छावणी होती. मिल्वियन पुलाजवळ ते घोडदळ शत्रूच्या, म्हणजे मॅक्सेन्टियसच्या बाजूने लढलं, म्हणून कॉन्स्टंटाइनने ते बरखास्त केलं, छावणी सपाट केली आणि जागा रोमच्या बिशपांना दिली. शहराच्या मधोमध फोरम होता, जुनी देवळं आणि सिनेटची घराणी तिथेच होती. तिथे त्याने हात घातला नाही. तटाच्या आत, पण कडेला, स्वतःच्या अखत्यारीतल्या जमिनीवर त्याने चर्च उभारलं.

याच लॅटरनमध्ये 313 च्या ऑक्टोबरमध्ये बादशहाच्या सांगण्यावरून बिशपांची सभा बसली. वाद आफ्रिकेचा होता. छळात ज्यांनी पुस्तकं सरकारच्या हवाली केली, त्यांच्या हातून झालेली बिशपाची दीक्षा खरी धरायची का? डोनाटसच्या गटाचं म्हणणं होतं, नाही. रोमचा निकाल त्यांच्याविरुद्ध गेला, पुढच्या वर्षी आर्ल्स गावच्या सभेचाही. त्यांनी ऐकलं नाही, तेव्हा 317 च्या सुमारास कॉन्स्टंटाइनने त्यांची चर्चं जप्त करायचा हुकूम दिला. किर्ताच्या यादीला तेव्हा जेमतेम चौदा वर्षं झाली होती. चर्चच्या दारात पुन्हा सरकारी माणसं आली, या वेळी ख्रिस्ती बादशहाची. माणसं मेली, फूट मिटली नाही, आणि 321 मध्ये त्याने नाद सोडला. मला याचं फार वाईट वाटतं. मेहेरबानीची ही किंमत ख्रिस्तसभेने इतक्या लवकर मोजली. त्या किर्ता गावाला पुढे कॉन्स्टंटाइनचंच नाव मिळालं, आणि अल्जेरियात ते आजही त्याच नावाने आहे.

पवित्र क्रूसाच्या चर्चमध्ये थोडंच थांबलो. संत लॉरेन्सच्या कबरीपाशी सिस्टरने डीकनांसाठी प्रार्थना म्हटली.

सांता मारिया मज्जोरेला पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. हे चर्च वेशीबाहेर नाही, शहरातल्याच एका टेकडीवर आहे. 380 मध्ये थिओडोसियस बादशहाने रोम आणि अलेक्झांड्रियाच्या बिशपांची श्रद्धा प्रजेने पाळावी असं फर्मावलं, त्यानंतर अर्ध्या शतकाने ते बांधून झालं. वेदीपुढच्या कमानीवर मोझेकच्या खड्यांत बांधणाऱ्याचं नाव आहे. मला वाटलं, बादशहाचं असेल. सिस्टरने अक्षरं लावून वाचलं: "सिक्स्टस बिशप, देवाच्या लोकांसाठी." हे तिसरे सिक्स्टस. दुसऱ्या सिक्स्टसना कबरस्तानात मारलं, त्याला तेव्हा पावणेदोनशे वर्षं झाली होती.