सगळ्या टेस्ट पास झाल्या, आणि मॅडम म्हणाल्या, "हे चालणार नाही"

माझी चुलत बहीण यंदा कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला आहे. परवा तिने विचारलं, "दादा, व्हेरिफिकेशन आणि व्हॅलिडेशन म्हणजे शेवटी तपासणंच ना? मग दोन शब्द कशाला?" मी तिला व्याख्या सांगितली नाही. माझ्या दुसऱ्या सेमिस्टरच्या प्रोजेक्टची गोष्ट सांगितली, कारण मलाही तो फरक तिथेच कळला, आणि तोसुद्धा फजिती झाल्यावर.

आम्हा दोघांना कॉलेजच्या ग्रंथालयासाठी एक छोटा प्रोग्रॅम करायचा होता. ग्रंथपाल मॅडमनी सांगितलं होतं, "पुस्तक नेल्यापासून 14 दिवसांनी परत करायचं. ती तारीख काढून द्या आणि ती उलटली की नाव उशिराच्या यादीत टाका." आम्ही हे कागदावर नीट लिहून काढलं, त्यांना वाचून दाखवलं आणि कामाला लागलो.

तारखांची बेरीज मी स्वतःच लिहिली होती. चारने भाग जाणारं वर्ष लीप, एवढंच मला माहीत. माझ्या जोडीदारणीने कोड वाचताना बोट ठेवलं, "आणि 2100?" शतकाचं वर्ष लीप असायला 400 ने भाग जावा लागतो, म्हणून 2100 लीप नाही. 28 फेब्रुवारी 2100 ला नेलेल्या पुस्तकाची तारीख 14 मार्च यायला हवी होती, माझ्या कोडने ती 13 मार्च आली असती. तोवर तिथे कोण असणार म्हणा! पण आमच्या कागदावर '14 दिवस' लिहिलं होतं आणि कोड 13 दिवस मोजत होता. मुकाट्याने माझा कोड काढून पायथनचा तयार timedelta घेतला. मग महिनाअखेर, वर्षअखेर, लीप वर्ष अशा बऱ्याच टेस्ट लिहिल्या. सगळ्या पास.

इथपर्यंत आम्ही जे केलं ते व्हेरिफिकेशन: कागदावर जे ठरलं तेच बनलंय का, हे पाहणं. लक्षात घे, 2100 ची चूक सापडली तेव्हा प्रोग्रॅम चालूसुद्धा केला नव्हता. एका हातात कागद आणि दुसऱ्या हातात कोड घेऊन वाचणं हेही व्हेरिफिकेशनच.

मग आम्ही ऐटीत मॅडमकडे गेलो. त्यांनी 4 मार्च 2024 ही तारीख टाकली. उत्तर आलं 18 मार्च. बरोबरच होतं. त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "18, 19, 20 ला ग्रंथालय बंद आहे, पुस्तकांची मोजणी आहे. मुलं परत कुणाकडे करणार? हे चालणार नाही."

गंमत म्हणजे सुट्टीचा विचार आम्ही केला होता. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी पुस्तक दिलंच जात नाही, आणि 14 दिवस म्हणजे बरोबर दोन आठवडे, म्हणजे परतीचा वारही तोच. तेव्हा साप्ताहिक सुट्टी आडवी येणारच नाही, असं म्हणून आम्ही खूश होतो. हिशोब अचूक होता. मोजणीचे तीन दिवस मात्र आमच्या डोक्यातच नव्हते, आणि आमच्या टेस्टमध्ये कुठून असणार? टेस्ट तर आम्ही त्याच कागदावरून लिहिल्या होत्या. कागदात जे नाही ते कागदावरून बनवलेल्या टेस्टला सापडत नाही. आणखी शंभर टेस्ट लिहिल्या असत्या तरी त्या पासच झाल्या असत्या.

मॅडमनी त्या पाच मिनिटांत केलं ते व्हॅलिडेशन: ही वस्तू ज्याच्यासाठी केली, त्याचं काम तिने होतंय का? बॅरी बोएम या सॉफ्टवेअर तज्ज्ञाने हा फरक दोन प्रश्नांत बसवला आहे: आपण वस्तू नीट बनवतोय का, आणि आपण नेमकी हवी ती वस्तू बनवतोय का?

घरातलंच उदाहरण घे. सुताराला चित्र दिलं, टेबलाची उंची 75 सेंटिमीटर. त्याने फूटपट्टी लावली, 75 भरले. हे व्हेरिफिकेशन. मग तिसरीतलं मूल तिथे लिहायला बसलं तर खांदे वर उचलून लिहावं लागतंय. फूटपट्टी कितीही वेळा लावली तरी हे कळणार नाही, मुलाला बसवूनच पाहावं लागतं.

व्हायवात सरांनी याचंच मोठं रूप सांगितलं. 14 सप्टेंबर 1993 ला वॉर्सॉमध्ये लुफ्तान्साचं ए320 विमान ओल्या धावपट्टीवर उतरलं. उतरल्यावर विमानाचा वेग कमी करणारे पंखांवरचे स्पॉयलर उघडायला दोनपैकी एक अट होती: दोन्ही मुख्य पायांवर पुरेसा भार हवा किंवा चाकं पुरेशा वेगाने फिरायला हवीत. विमान आधी उजव्या पायावर टेकलं, डावा पाय सुमारे 9 सेकंदांनी टेकला. त्यात पाण्यावरून घसरणारी चाकं हवी तशी फिरेनात. सॉफ्टवेअरने अट तंतोतंत पाळली आणि ब्रेक लागायला उशीर झाला. विमान धावपट्टीबाहेर गेलं, दोघांचा जीव गेला. अपघाताला इतर कारणंही होती, पण या भागात कोड चुकला नव्हता. लिहून दिलेली अटच त्या दिवसाच्या धावपट्टीला पुरी पडली नाही.

परत आमच्याकडे. कागदावर नवं वाक्य आलं: तारीख बंद दिवशी आली तर पुढचा उघडा दिवस धरावा. मी घाईत लिहिलं:

```python
due = issued + timedelta(days=14)
if due in closed_days:
    due = due + timedelta(days=1)
```

18 तारीख बंद, म्हणून उत्तर 19. तीही बंद! आता कागद बरोबर होता आणि कोड चुकला होता, म्हणजे ही पुन्हा व्हेरिफिकेशनची चूक. `if` च्या जागी `while` घातल्यावर 21 मार्च आली. व्हॅलिडेशनने कागद बदलला की व्हेरिफिकेशन नव्याने करावं लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

बहीण इथे अडली. "पण वेबसाइटवर तर उलटं असतं!" तिचं खरं आहे. फॉर्ममध्ये मोबाइल नंबरचे आकडे पुरेसे आहेत का हे पाहण्याला व्हॅलिडेशन म्हणतात, आणि ओटीपी पाठवून नंबर खरंच तुझा आहे का हे पाहण्याला व्हेरिफिकेशन. शब्द तेच, पण हा वापर वेगळ्या मोहल्ल्यातला. तिथे एका नोंदीची तपासणी चालते, इथे आख्ख्या प्रोग्रॅमची. पेपरात प्रश्न सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचा असेल तर ओटीपीचं उदाहरण लिहू नकोस, हमखास उलटं पडतं.

तिने मग विचारलं, "म्हणजे व्हॅलिडेशन शेवटी करायचं?" आम्हीही तसंच समजलो होतो, आणि तिथेच आठवडा वाया गेला. पुढच्या भागात, उशिराच्या यादीसाठी, मी कोड लिहिण्याआधी वहीच्या पानावर रकाने आखले, चार खोटी नावं भरली आणि ते पान मॅडमपुढे ठेवलं. त्यांनी पेन घेतलं, 'पुस्तक नेल्याची तारीख' हा रकाना खोडला आणि त्या जागी लिहिलं, 'फोन नंबर'.