आमची वाटचाल: बटर सोडलं आणि हिशेब शिकलो

आमचं युनिट छोटं आहे, मी, ताई आणि दोन मदतनीस मुली, एवढेच. सुरुवात साध्या व्हॅनिला आणि चॉकलेट केकने झाली, बटर दूध अंडी सगळं घातलेल्या, आणि तसंच चालू राहिलं असतं, पण एका आईचा फोन आला की मुलाला दुधाची अॅलर्जी आहे, वाढदिवसाला केक हवा, आणि तो बाकीच्या मुलांनीही आवडीने खाल्ला पाहिजे. ही दुसरी अट ऐकून ताई म्हणाली, "अगं, खरी ऑर्डर तर हीच आहे."

आधी एक गोष्ट, कारण अजूनही रोज विचारतात. डेअरी-फ्री म्हणजे एगलेस नाही, आणि लॅक्टोज-फ्री दूध म्हणजे डेअरी-फ्री नाही. लॅक्टोज काढलेल्या दुधात दुधाचं प्रोटीन असतंच, आणि अॅलर्जी त्या प्रोटीनची असते. त्यामुळे ऑर्डर घेताना आम्ही पहिला प्रश्न विचारतो की पचत नाही म्हणून सोडलंय की अॅलर्जी आहे. अॅलर्जी असेल तर वेगळी भांडी, वेगळे स्पॅट्युला, आणि मार्जरीनच्या डब्यावर बारीक अक्षरात व्हे किंवा केसीन, म्हणजे दुधाचंच प्रोटीन, लिहिलंय का ते वाचणं आलंच.

आता मूळ मुद्दा. बहुतेक लोक काय करतात तर बटरच्या जागी तेवढंच तेल आणि दुधाच्या जागी तेवढंच नारळाचं दूध घालतात. मग केक खालून तेलकट होतो, मध्ये चिकट पट्टा राहतो, आणि दोष जातो तेलाला. पण बटर म्हणजे पूर्ण फॅट नाही, त्यात साधारण 80 टक्के फॅट आणि 16-17 टक्के पाणी असतं. तेल मात्र पूर्णच फॅट. आणि डब्यातल्या घट्ट नारळाच्या दुधात स्वतःचंच 17-20 टक्के फॅट असतं, जिथे गाईच्या दुधात जेमतेम साडेतीन-चार टक्के. म्हणजे दोन्हीकडून फॅट वाढतं आणि पाणी कमी पडतं.

आमचा 8 इंची टिनचा बटर केक असा होता: मैदा 200 ग्रॅम, साखर 200, बटर 150, अंडी 3, दूध 120 मिली. ताई अकाउंट्सवाली, तिने वहीत जमाखर्च मांडला. बटरमधून फॅट 120 ग्रॅम, दुधातून आणखी 4-5. पाणी बटरमधून साधारण 25 आणि दुधातून 105, म्हणजे 130. मग नारळाचं दूध 150 मिली धरलं तर त्यातून फॅट आलं 27 ग्रॅमच्या आसपास आणि पाणी 110-115. उरलेलं फॅट तेलातून भरायचं तर 97-98 ग्रॅम होतं, पण तेल तोंडात बटरपेक्षा जास्त जाणवतं म्हणून आम्ही 90 वर थांबतो आणि वरून दोन-तीन चमचे साधं पाणी घालतो. सोया दूध घेतलं तर त्यात फॅट फारच कमी, मग दूध 130 मिली आणि तेल 110 ग्रॅम. तेल वास नसलेलं घ्यायचं. बटर खारं वापरत असाल तर मीठही गेलं, म्हणून पाव चमचा मीठ न विसरता घालायचं, नाहीतर केक नुसता गोड लागतो.

हे सगळं डबा नीट हलवला तरच खरं. डबा उभा राहिला की घट्ट साय वर येते आणि पाणी खाली बसतं, नुसती वरची साय घेतली तर फॅट खूपच वाढतं. थंड असेल तर नारळाचं फॅट कण बनून राहतं, 24-25 डिग्रीच्या खाली ते गोठतंच, म्हणून कोमट करून व्हिस्कने एकजीव करतो. आणि पिण्यासाठी मिळणारं पातळ कोकोनट ड्रिंक म्हणजे जवळजवळ पाणीच, त्याला वरचा हिशेब लागू नाही.

दुसरी अडचण अशी की बटर आणि साखर फेसताना त्यात हवा भरते, तेलात ती भरत नाही. मग ती हवा अंड्यातूनच आणायची. अंडी रूम टेंपरेचरला आणून साखरेबरोबर फिकट आणि जाडसर होईपर्यंत बीट करतो, व्हिस्क उचलल्यावर धार क्षणभर वर दिसली पाहिजे, मग तेल अगदी बारीक धारेने. अंड्याच्या बलकात लेसिथिन असतं, ते तेल धरून ठेवतं, पण एकदम ओतलं तर धरत नाही आणि बॅटरवर चकचकीत तेल तरंगताना दिसतं. तसं दिसलं की पुढचा मैदा घालायच्या आधीच थांबून अजून बीट करायचं. नंतर दोन चमचे बेकिंग पावडर मिसळलेला मैदा आणि नारळाचं दूध आलटून पालटून, आणि कोरडा मैदा दिसेनासा झाला की हात थांबवायचा. तेलामुळे ग्लुटेन कमी बनतं हे खरं, पण खूप घोटलं तर तेलही वाचवत नाही, केक रबरी होतो आणि कापल्यावर आत लांबट बोगदे दिसतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डेअरी-फ्री केक कोरडा होण्याचं कारण बऱ्याचदा रेसिपीत नसतंच, ते ओव्हनसमोर उभ्या माणसात असतं! दुधातलं लॅक्टोज आणि प्रोटीन यामुळे केकला तो सोनेरी रंग येतो, ते काढलं की केक तयार झाला तरी वरून फिकटच राहतो. मग माणूस रंगाची वाट बघत अजून दहा मिनिटं ठेवतो आणि तेवढ्यात सगळी ओल निघून जाते. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलीला हे पहिल्याच दिवशी सांगतो, रंग बघू नको. 170 डिग्रीला 35 मिनिटांनी तपासायला लागायचं, कडा टिनपासून किंचित सुटल्या, मध्ये बोट दाबलं तर परत वर आलं, आणि काडीला ओलं बॅटर नाही पण दोन-चार ओलसर कण लागले की बाहेर. थर्मामीटर असेल तर मध्यभागी 96-98. रंग हवाच असेल तर 200 पैकी 40 ग्रॅम साखर ब्राउन घ्या, ओलही थोडी जास्त टिकते.

एगलेस मागतात तेव्हा सोया दूध घेतो, 240 मिलीत एक मोठा चमचा व्हिनेगर घातला की ते फाटून दाट होतं, ओट किंवा बदामाचं दूध तसं दाट होत नाही कारण प्रोटीन कमी. आंबटपणा बेकिंग पावडरमधल्या सोड्याशी लगेच काम सुरू करतो म्हणून बॅटर तयार झालं की ताबडतोब ओव्हनमध्ये, टिन आधीच लावून ठेवलेला असतो.

फ्रीजचं मात्र कस्टमरला दरवेळी सांगावं लागतं. तेल फ्रीजमध्येही पातळच राहतं म्हणून सोया-तेलाचा केक थंडही मऊ लागतो, पण नारळाचं फॅट गोठतं, आणि शिवाय स्टार्च फ्रीजच्याच तापमानाला सगळ्यात लवकर शिळा होतो. म्हणून आयसिंग नसलेला केक हवाबंद डब्यात बाहेरच ठेवा, दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवायचा तर घट्ट गुंडाळून सरळ फ्रीझरमध्ये. आयसिंगवाला नारळाचा केक कापायच्या तासभर आधी बाहेर काढा, ही चिठ्ठी आम्ही बॉक्सवर चिकटवतो.

पाउंड केकची ऑर्डर मात्र डेअरी-फ्रीमध्ये घेत नाही. त्यात चवच बटरची असते, नारळाच्या दुधाने ओलसर केक येतो पण ती चव येत नाही, आणि ताई फोनवरच तसं सांगून टाकते.