मार्जिन पुरतं, तरी हिशोबात लॉट शून्य: माझा अनुभव

एका सौद्यात भांडवलाच्या १ टक्क्यापेक्षा जास्त गमवायचं नाही, हा नियम ठरवायला मला फारसा वेळ लागला नाही. भांडवल ३ लाख, म्हणजे तोट्याची मर्यादा ३,००० रुपये. तिला खरेदीभाव आणि स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवायला ज्या भावाला विकून बाहेर पडायचं तो भाव, यांतल्या फरकाने भागायचं. येईल तेवढी क्वांटिटी.

अडलं ते निफ्टी फ्युचर्समध्ये. माझा स्टॉपलॉस साधारण ६० पॉइंटांचा. लॉट, म्हणजे एकदम घ्यावी लागणारी ठरलेली संख्या, २५ चा होता तेव्हा एका लॉटमागे तोटा १,५०० रुपये, म्हणून दोन लॉट चपखल बसायचे. २०२४ च्या नोव्हेंबरात नव्या करारांचा लॉट ७५ झाला. ६० गुणिले ७५, म्हणजे ४,५००. मर्यादा ३,०००. उत्तर: शून्य लॉट! अर्धा लॉट कुणी देत नाही.

ब्रोकरकडे फोन केला, तर पलीकडचा मुलगा एकच टुमणं लावून बसला: "सर, मार्जिन आहे ना तुमच्याकडे, मग घ्या की." अरे बाबा, मार्जिन म्हणजे सौद्यासाठी अडकवून ठेवायची रक्कम, सौदा फसला तर किती जाणार, हे त्यातून कळत नाही. ऑर्डरच्या खिडकीतही मार्जिन ठळक दिसतं, स्टॉप लागल्यावरचा तोटा कुठेच नाही. अजून चीड येते.

मित्र म्हणाला, स्टॉप ४० पॉइंटांवर आण, बसतंय बघ. बसतं, कागदावर. पण निफ्टी सकाळच्या पहिल्या तासात सहज तेवढी हलते; स्टॉप चार्टवरून ठरतो, खिशावरून नाही. तो ६० चाच ठेवायचा तर ७५ च्या लॉटला भांडवल साडेचार लाख हवं. माझ्याकडे नव्हतं, म्हणून फ्युचर्स सोडले. (लॉट अधूनमधून बदलतो, एक्स्चेंजचं ताजं परिपत्रक बघून आकडा घ्या.)

कॅश बाजारात एकेक शेअर घेता येतो, तिथे सुटका झाली. शेअर ६४०, स्टॉप ६२२, फरक १८. ३,००० भागिले १८, म्हणजे १६६. मी १५० च घेतो, कारण डिलिव्हरीत एसटीटी हा कर खरेदी-विक्री दोन्हीवर ०.१ टक्का लागतो, वर बाकीचे चार्जेस.

हो, एक राहिलं. स्टॉप फारच जवळ असेल तर हेच सूत्र भलतं उत्तर देतं. फरक ४ रुपये धरला तर ७५० शेअर, म्हणजे ४ लाख ८० हजारांचा माल! म्हणून एका शेअरमध्ये एकतृतीयांशापेक्षा जास्त भांडवल घालत नाही. आणि सकाळी शेअर थेट ६०५ ला उघडला, तर १५० शेअरांवर ५,२५० जातात, स्टॉप लावलेला असूनही. कंपनीच्या निकालाच्या आदल्या दिवशी मी निम्मीच क्वांटिटी ठेवतो.

तोटा झाला की पुढचा १ टक्का उरलेल्या रकमेवर काढायचा: २,९७,००० वर २,९७०.