लुक्ला ते नामचे: वाटेवर कोणाला काय म्हणायचं

मित्रांनो, तुमच्यापैकी जे नेपाळमधल्या खुंबूला, म्हणजे एव्हरेस्टच्या पायथ्याच्या भागात, यायचं म्हणताय त्यांच्यासाठी हे लिहितोय. बूट, जॅकेट, गोळ्या यांच्या याद्या तुमच्याकडे आहेतच. वाटेवर रोज कानावर पडणाऱ्या बोलण्याबद्दल मात्र कोणी नीट सांगत नाही, आणि नेपाळी आपल्याला अर्धीमुर्धी समजते म्हणूनच त्यात घोटाळे होतात.

सगळ्यांत आधी नाती शिका. नेपाळीत ‘दाइ’ म्हणजे मोठा भाऊ, आपला दादा. ‘भाइ’ म्हणजे धाकटा भाऊ. आपल्या तोंडात हिंदीतलं ‘भाई’ बसलेलं असतं आणि ते आपण मानाने म्हणतो, पण तिथे पन्नाशीच्या माणसाला ‘भाइ’ म्हटलं की त्याला लहान केल्यासारखं होतं. वयाचा अंदाज येत नसेल तर सरळ ‘दाइ’ म्हणा. बायकांना तसंच ‘दिदी’, आणि स्पष्ट लहान दिसणाऱ्या मुलीला ‘बहिनी’. म्हाताऱ्या बाईंना ‘आमा’, म्हाताऱ्या माणसाला ‘बा’. लॉजच्या मालकीणबाईंना सगळे ‘दिदी’च म्हणतात.

‘नमस्ते’ सकाळी, दुपारी, रात्री, भेटताना आणि निघतानाही चालतं. ‘नमस्कार’ थोडं जास्त अदबीचं, वडीलधाऱ्यांसाठी. त्यापुढे नातं जोडलंत, ‘नमस्ते दिदी’, की समोरचा माणूस लगेच मोकळा होतो. वर शेर्पा वस्तीत ‘टाशी देलेक’ ऐकू येईल. तेच परत म्हणायचं.

नामचेच्या आधी, दूधकोसीवरचा उंच झुलता पूल ओलांडला की दमवणारा चढ लागतो. तिथे डोको म्हणजे बांबूची मोठी टोपली घेतलेले भरिये, म्हणजे हमाल, भेटतात. कपाळावर नाम्लोचा पट्टा, पाठीवर ओझं, हातात टोक्मा नावाची आखूड काठी. दम खायला थांबले की तीच काठी डोकोखाली टेकवून उभ्याउभ्या भार तिच्यावर सोडतात. चढत असताना त्यांना ‘नमस्ते’ घालून उत्तराची वाट बघू नका, श्वास पुरत नसतो. डोंगराच्या बाजूला सरकून वाट द्या, मान हलवा. ते टेकलेले असताना मात्र ‘नमस्ते दाइ’ जरूर म्हणा. ‘भरिया’ हा कामाचा शब्द आहे, हाक मारायला ‘दाइ’च.

आता आभार. ‘धन्यवाद’ सगळ्यांना कळतं, पण घरगुती बोलण्यात ते फार येत नाही. आपणही घरात पाणी दिल्यावर आभार मानत नाही, तसंच. तिथे मान दिसतो तो क्रियापदात. चहा मागताना ‘चिया देऊ’ म्हणून अंदाजपंचे ठोकण्यापेक्षा ‘दिदी, चिया दिनुस्’ म्हणा. या ‘-नुस्’मध्ये ‘द्या ना’चा आदर आहे, वेगळं ‘प्लीज’ लागत नाही. कोणी काही सांगितलं तर ‘हस्’, म्हणजे अदबीने ‘बरं’. आणि ‘हजुर’ तर होकारालाही चालतो, नीट ऐकू आलं नाही तर ‘काय म्हणालात?’ या अर्थीही.

वाटेतल्या फाकदिङ गावच्या एका लॉजमधलं जेवण सांगतो, म्हणजे सगळं एकत्र कळेल. दिदींनी विचारलं, ‘खाना खानुभयो?’ हे पुष्कळदा नुसती विचारपूस असते, आपल्याकडच्या ‘जेवलात का?’सारखी. ‘छैन दिदी, दालभात दिनुस्’ म्हटलं. ताट अर्धं झालं तशा त्या भांडं घेऊन आल्या, ‘भात थपौँ?’ म्हणजे अजून वाढू का. दालभातात पुन्हा वाढणं बहुधा त्याच पैशांत असतं, म्हणून लाजू नका. थोडंच हवं असेल तर ‘अलिकति’, नको असेल तर ताटावर हात आडवा धरून ‘पुग्यो’. नुसतं ‘नको नको’ म्हटलं तर ती भीड समजून आणखी एक डाव पडतो. शेवटी ‘मीठो थियो, दिदी’ म्हणालो. मराठी कानाला हे मीठ जास्त झाल्याची तक्रार वाटते, पण अर्थ ‘चविष्ट होतं’ असाच आहे. त्या दिदींचा चेहरा या दोन शब्दांनी जितका खुलला, तितका माझ्या कुठल्याच ‘धन्यवाद’ने खुलला नव्हता.

सकाळी हिशेब करताना ‘कति भयो?’ विचारा. पैसे उजव्या हाताने द्या आणि डावा हात उजव्या कोपराला हलकेच लावा. तिथे देण्याघेण्यातला आदर असाच दाखवतात, बाकी काही बोलायची गरज उरत नाही. ‘धन्यवाद’ मात्र खऱ्या मदतीसाठी राखून ठेवा: कोणी सॅक उचलून दिली, आजारी माणसासाठी रात्री गरम पाणी आणून दिलं, चुकलेली वाट दाखवली. शेर्पा घरी हेच ‘थुजेछे’ होतं.

निघताना बहुतेक जण म्हणतील, ‘बिस्तारै जानुस् है’, म्हणजे सावकाश जा. याला ‘हस्, फेरि भेटौँला’ म्हणा, म्हणजे पुन्हा भेटू. आणि खरंच सावकाश चढा, लुक्ला 2,860 मीटरवर आहे आणि नामचे 3,440 मीटरवर.