फिफोतून गायब होणारे तीन वर्ड

80 वर्डचा गठ्ठा बाहेर पडताना 77 चा होत होता. बोर्ड तासन्‌तास नीट चाले आणि मध्येच एखादा गठ्ठा अपुरा निघे. कधी एक वर्ड कमी, कधी दोन, फार तर तीन. हरवणारे वर्ड गठ्ठ्याच्या शेपटाकडचे असत, पण अगदी शेवटचे चार-पाच नेहमी जागेवर. लॅबमधल्या मंडळींनी केबल बदलली, क्लॉक तपासला, पॉवर सप्लायवर संशय घेतला. मला मात्र ती शेपटाकडची जागाच खटकत होती. नॉइज अशी जागा निवडून येत नाही.

ब्लॉक साधा आहे. एकाच क्लॉकवरचा फिफो, म्हणजे आलेले वर्ड साठवून त्याच क्रमाने बाहेर देणारी रांग. रायटर दर 100 सायकलींत 80 वर्ड देतो, पण ते सलग, सायकलीला एक. त्याला थांबवायची सोय नाही. रीडरपुढे अर्बिटर आहे. तो दर 10 सायकलींतल्या 2 दुसऱ्या चॅनेलला देतो, म्हणून आपल्याला 8 वाचता येतात. सरासरी दोन्हीकडे सारखी. डिझाइन करणाऱ्याने हिशोब असा मांडला होता: 80 वर्ड येईपर्यंत 64 वाचून होतात, 16 उरतात, सुरक्षिततेसाठी दुप्पट, म्हणजे फिफोची खोली 32 वर्ड. रिव्ह्यूमध्ये हे सगळ्यांनी मान्य केलं. ‘दुप्पट करून टाकू’ हे वाक्य मी इतक्या रिव्ह्यूंमध्ये ऐकलंय की आता ते ऐकलं की मला रागच येतो. कशाच्या दुप्पट, आणि का?

मी कागद घेतला आणि फिफोत दर सायकलीला किती वर्ड बसलेत त्याचा आलेख काढला. खोली ठरवायची तर हा आलेख जास्तीत जास्त किती उंच जाऊ शकतो एवढंच बघायचं. रायटरने 100 सायकलींच्या एका खिडकीतले 80 वर्ड शेवटच्या 80 सायकलींत दिले आणि पुढच्या खिडकीतले पहिल्या 80 मध्ये, तर सलग 160 वर्ड येतात आणि स्पेक कुठेच मोडत नाही. त्या 160 सायकलींत रीडर 128 वाचतो. उरले 32. इथपर्यंत नशिबाने बसतंय असं वाटतं.

पण अर्बिटरच्या 2 रिकाम्या सायकली दहांमध्ये कुठेही पडू शकतात. मागच्या दहाच्या शेवटच्या दोन रिकाम्या असतील आणि सलग वर्डचा हा बर्स्ट नेमका तिथेच सुरू झाला, तर वाचन सुरू व्हायच्या आतच 2 साठतात. मग दहा-दहाचे 15 पूर्ण तुकडे, प्रत्येकात 2 ची भर: 152 व्या सायकलीला 32. पुढच्या दहातल्या पहिल्या दोनही रिकाम्या पडल्या की 34. म्हणजे दोन वर्डना जागाच नाही.

तिसरा कुठे गेला, हे शोधताना मला सगळ्यात जास्त समाधान मिळालं. आमचा फिफो `full` असताना येणारा वर्ड टाकून देतो, त्याच सायकलीला रीडर जागा करत असला तरी. त्यामुळे 155 व्या सायकलीला एक वाचला गेला, पण आत येणारा बाहेरच राहिला. त्यानंतर फिफोत 31 उरतात, एक येतो एक जातो, आणि शेवटचे पाच वर्ड सुखरूप पार पडतात. लॉगमधलं चित्र हुबेहूब हेच होतं. आणि म्हणूनच 34 ची खोलीही पुरत नाही. या फिफोला 35 लागतात.

सिम्युलेशनमध्ये हे का दिसलं नाही? टेस्टबेंचमधला रायटर प्रत्येक खिडकीच्या सुरुवातीलाच बर्स्ट सोडत होता. डेटा रँडम, वेळ ठरलेली. कव्हरेजचा आकडा मात्र झकास. मी बर्स्टची जागा आणि रिकाम्या सायकली दोन्ही मोकळ्या सोडल्या, वरची जुळणी मुद्दाम घडवणारी एक टेस्ट लिहिली आणि फिफोशेजारी हे ठेवलं:

```
always @(posedge clk)
  if (!rst_n) max_count <= 0;
  else if (count > max_count) max_count <= count;
assert property (@(posedge clk) disable iff (!rst_n)
                 !(wr_en && full));
```

असर्शन पहिल्याच रनमध्ये पेटलं. आमचे पॉइंटर दोनाच्या घातावर फिरतात, म्हणून खोली 64 केली. नव्या बिल्डवर `max_count` त्या टेस्टमध्ये 34 दाखवतो. लॅबच्या बोर्डावर आतापर्यंत 33 पर्यंत गेला आहे, आणि 32 चा फिफो ओसंडायला तेवढंही पुरेसं होतं.

एक गोष्ट अजून मिटलेली नाही. स्पेकमध्ये ‘100 सायकलींत 80’ एवढंच लिहिलंय. खिडक्या ठरलेल्या जागी असतील तर वरचा हिशोब. पण कोणत्याही सलग 100 सायकलींत 80 पेक्षा जास्त नाहीत, असा अर्थ असेल तर दोन बर्स्ट पाठोपाठ येऊच शकत नाहीत. मग उंची 18 वर थांबते आणि जुना 32 आरामात पुरतो. बोर्डाने 33 दाखवला म्हणजे रायटर पहिला अर्थ धरून चालतोय. ते वाक्य दुरुस्त करा म्हणून मी रायटरच्या टीमला लिहिलं. ‘फिफो मोठा केलात ना?’ असं उत्तर आलं. पुढच्या चिपमध्ये हाच रायटर दुसऱ्या कुणाच्या तरी फिफोला जोडला जाणार आहे, आणि स्पेकमध्ये ते वाक्य जसंच्या तसं आहे.