आमची वाटचाल : दोन हजार स्प्रिंगा आणि एक ई-मेल

दादर पश्चिमेला रानडे रोडच्या मागच्या गल्लीत आमचं टायपिंगचं दुकान १९९४ साली सुरू झालं. दोन रेमिंग्टन मशिनं, कार्बनचा डबा आणि एक तांबडी-निळी पेन्सिल एवढं भांडवल. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, कॉलेजचे प्रोजेक्ट यांवर बरीच वर्षं नीट गेली. मग घरोघर कॉम्प्युटर आले, टायपिंगचं काम आटलं आणि गिऱ्हाईक स्वतःच टाइप केलेला मजकूर घेऊन यायला लागलं, "जरा इंग्रजी बघून द्या" म्हणत. तेच पुढे आमचं मुख्य काम झालं. पण २०११ बद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण त्या वर्षाची जी गोष्ट लोकांच्या कानावर आहे, की हा धंदा मला माझ्या तेव्हाच्या भागीदाराने शिकवला, ती त्यानेच सांगितलेली आहे.

भागीदाराचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं होतं, हे मी तेव्हाही मान्य करत होतो. भांडुपचे एक स्प्रिंगवाले काका आमचे सर्वांत जुने गिऱ्हाईक. त्यांच्या वर्कशॉपमधून एका जर्मन कंपनीला स्प्रिंगा जायच्या. तिथला खरेदी अधिकारी आणि काका सहा वर्षं एकमेकांना थेट मेल लिहीत होते. २०११ च्या पावसाळ्यात काकांनी हा कच्चा मजकूर पाठवला :

"रिस्पेक्टेड सर, वुई आर हॅविंग युअर ऑर्डर ऑफ टू थाउजंड स्प्रिंग्ज. इट विल गो टेन डेज लेट. रीझन इज, वायर केम विथ रस्ट. आय डिड नॉट यूज इट. आय सेंट बॅक होल लॉट. न्यू वायर इज कमिंग ऑन मंडे ओन्ली. सो काइंडली अ‍ॅडजस्ट."

मी त्या दिवशी दुकानात नव्हतो. भागीदाराने हा मजकूर पुसला आणि नवा लिहिला : "वुई रिग्रेट टु इन्फॉर्म यू दॅट, ड्यू टु अनफोरसीन सर्कमस्टन्सेस…" आणि असंच पुढे. व्याकरणाची एक चूक नाही. पण गंजही नाही, परत पाठवलेला माल नाही, सोमवारही नाही. जो माणूस त्याच दिवशी उत्तर द्यायचा तो तीन दिवस गप्प राहिला. मग त्याचा मेल आला : आमचं काम आता तुमच्याकडे कोण बघतं, आणि ही परिस्थिती नेमकी कोणती? खुलासा होईपर्यंत पुढची ऑर्डर थांबवली होती.

काका तो मेल छापून दुकानात आले. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "भाऊ, वायर मी परत पाठवली. नुकसान मी सोसलं. हे त्याला कुठे कळलं?" स्प्रिंगच्या तारेवर गंजाचा बारीक खड्डा पडला की वारंवार दाबली जाताना तार तिथूनच चिरते, हे तो जर्मन माणूस जाणून होता. "आय डिड नॉट यूज इट" या एका वाक्यावर त्याने दहा दिवस आनंदाने दिले असते. आम्ही तेच वाक्य काढून टाकलं होतं.

त्या संध्याकाळी मी काकांना समोर बसवलं आणि आधी मराठीत विचारलं, काय सांगायचंय. ही पायरी आम्ही तेव्हापासून कधीच चुकवत नाही. कारण "मंडे ओन्ली" मधलं "ओन्ली" म्हणजे काकांच्या मनातलं "सोमवारीच", म्हणजे नक्की सोमवारी. वाचणाऱ्याला मात्र ते "सोमवारच्या आधी नाही" असं ऐकू येतं. कागदाकडे बघून हे कळत नाही, माणसालाच विचारावं लागतं. "अ‍ॅडजस्ट" चंही तेच. लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी आपण तो शब्द वापरतो आणि समोरचा सरकून बसतो. जर्मनीत मशीन अ‍ॅडजस्ट करतात. त्याला सरकायचं कुठे आणि किती, हे सांगायला हवं होतं.

मग तांबडी-निळी पेन्सिल. जिथे अर्थ बदलतो तिथे तांबडी, जिथे वाचणारा अडखळतो तिथे निळी, बाकी सगळं त्या माणसाचं, हात लावायचा नाही. "आर हॅविंग" निळं होतं. मराठीत "आमच्याकडे आहे" म्हणतो, त्यातून ते येतं. त्या वाक्यातून शेवटी ऑर्डर एवढंच ठेवलं. "ओन्ली" आणि "अ‍ॅडजस्ट" तांबडे. "रिस्पेक्टेड सर" वर भागीदाराने फुली मारली होती, मी ते परत घातलं. सहा वर्षं त्या माणसाला तेच वाचायची सवय होती, आणि ते नाहीसं झाल्यावरच त्याला शंका आली. शेवटी खुलाशासोबत गेलं ते असं :

"रिस्पेक्टेड सर, युअर ऑर्डर ऑफ टू थाउजंड स्प्रिंग्ज विल गो टेन डेज लेट. द वायर केम विथ रस्ट. आय डिड नॉट यूज इट. आय सेंट बॅक द होल लॉट. द न्यू वायर कम्स ऑन मंडे, दॅट इज फिक्स्ड. कॅन यू टेक द स्प्रिंग्ज ऑन द ट्वेंटी-फोर्थ?"

"विल गो" पेक्षा चांगलं क्रियापद आहे, मला माहीत आहे. काका माल "जातो" म्हणतात, म्हणून ठेवलं. पाठवण्याआधी त्यांना मोठ्याने वाचायला लावलं. ज्या शब्दावर जीभ अडते तो शब्द त्यांचा नव्हे, तो बदलायचा. आज हे सगळं वर्डच्या `Track Changes` मध्ये होतं आणि बदल गिऱ्हाईकाला दिसतात, पण फोनवर वाचून घेणं आम्ही सोडलेलं नाही. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, चोवीस तारीख मान्य.

भागीदार म्हणाला, चूक कुठे दाखव. व्याकरणाची चूक मी दाखवू शकलो नाही, आणि बाकीचं त्याने ऐकून घेतलं नाही. महिन्याभरात तो बाहेर पडला. शेजारच्या गल्लीत त्याने दुकान थाटलं, आमची गिऱ्हाइकांची वही त्याच्याकडे होती, दर निम्मा. त्याच्याकडे तयार साचे होते, उशिराचा एक, पैशांच्या तगाद्याचा एक, नाव बदललं की मेल तयार. दिवाळीपर्यंत माझ्याकडे चार गिऱ्हाइकं उरली, भाडं तीन महिने थकलं. तो लोकांना अजून सांगतो की धंदा त्याने मला शिकवला. पेन्सिल माझी होती आणि काका माझ्याकडेच राहिले, एवढं इथे नोंदवून ठेवतो. काकांनीच भांडुपच्या आपल्या इस्टेटमधले सात वर्कशॉपवाले एकेक करून पाठवले.

तुमच्यापैकी कोणी दुसऱ्याचं इंग्रजी बघून देत असेल तर त्याचे जुने पाच मेल आधी मागून घ्या. वाक्यं किती लांब, सुरुवात कशी, सही कशी, ते बघा. आणखी एक. आपण मराठीत "पाठवा" म्हणतो तेव्हा मान त्या "वा" मध्येच असतो. इंग्रजीत "सेंड" मध्ये तो राहत नाही, म्हणून आपल्या माणसाचा मेल हुकूम दिल्यासारखा वाटतो किंवा तो ओळीओळीला "काइंडली" घालतो. सगळे "काइंडली" काढू नका. एक ठेवा आणि मुख्य मागणीचा प्रश्न करा, "कॅन यू" ने. निविदा, करखात्याची नोटीस, कोर्टाचं काही असेल तर मात्र हे करू नका. तिथे त्या माणसाचा आवाज नव्हे, ठरलेला नमुना लागतो, आणि ते काम आम्ही वकिलाकडे पाठवतो.

आता काकांचा मुलगा मेल लिहितो. गेल्या आठवड्यात त्याचा एक आला, रंगाच्या लेपावरून जर्मनीशी चाललेल्या वादाचा. दोनदा वाचला, फोन केला, त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतला. एक "सिन्स" चा "फॉर" केला आणि परत पाठवला. त्याने "रिस्पेक्टेड सर" च लिहिलं होतं.